ओळखी भरपूर, बातमी एकच

भाची टीवायबीएला समाजशास्त्र घेऊन शिकते. ‘सामाजिक संबंध’ या विषयावरच्या असाइनमेंटसाठी तिनं एक वाक्य लिहून मला दाखवलं, “मामू, हे बरोबर आहे ना?” वाक्य असं होतं: ‘मुस्लिम समाजात नातेसंबंध घट्ट असल्यामुळे तरुणांना रोजगार मिळण्यास मदत होते.’ मी म्हटलं, अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत आपल्या दोन पिढ्या मोजत आहेत.

हे वाक्य तिचं एकटीचं नाही. जमातीच्या प्रत्येक बैठकीत, प्रत्येक निकाहच्या मांडवात, प्रत्येक ‘करिअर मार्गदर्शन’ मेळाव्यात ते वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं जातं. आपण एकमेकांना धरून आहोत, आपलं माणूस आपल्या माणसाला सोडत नाही, बाहेरच्यांनी दार लावलं तरी घरचं दार उघडं आहे. ऐकायला फार बरं वाटतं. पण घट्ट नात्यानं भूक भागते, आजारपण निघतं, कर्ज मिळतं. नवी बातमी मात्र मिळत नाही. आणि नोकरी ही आधी बातमी असते, मग नोकरी.

हे कुणी शोधून काढलं ते आधी सांगतो. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातल्या 282 पुरुषांचा अभ्यास केला. सगळे तांत्रिक, व्यावसायिक किंवा व्यवस्थापनाच्या कामातले, आणि नुकतीच नोकरी बदललेले. त्यातल्या शंभर जणांना तो स्वतः भेटला, बाकीच्यांना टपालानं प्रश्नावली पाठवली. प्रश्न साधा होता: ही नोकरी तुम्हाला कळली कशी? निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितलं, ओळखीतून. जाहिरात आणि एजन्सी यांच्या वाट्याला पाचातला एकही धड आला नाही.

इथपर्यंत आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. ‘ओळख लागते’ हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. ज्यानं नोकरीची बातमी दिली त्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, म्हणजे जवळचा माणूस, असं उत्तर देणारे शंभरात साधारण 17 निघाले. अधूनमधून भेटणारे 56. आणि वर्षातून एकदा किंवा तेवढंही न भेटणारे 28. थोडक्यात, ज्यांच्यासोबत आपण रोज चहा पितो त्यांच्यापेक्षा, ज्यांचं आडनावही पटकन आठवत नाही अशांनी जास्त नोकऱ्या सांगितल्या. जुना सहकारी, कॉलेजातला कुणीतरी, आधीच्या नोकरीतला साहेब. ‘मित्रानं सांगितलं का?’ असं विचारलं की लोक मुद्दाम दुरुस्त करत: मित्र नाही हो, नुसती ओळख. 1973 साली त्यानं यावर निबंध छापला, ‘सैल नात्यांची ताकद’ अशा अर्थाच्या नावाचा. त्याआधी 1969 मध्ये हाच मजकूर दुसऱ्या एका मोठ्या नियतकालिकानं परत पाठवला होता. आज समाजशास्त्रात सर्वांत जास्त उद्‌धृत होणाऱ्या निबंधांत त्याची गणना होते.

असं का होतं, याचं उत्तर आपल्याच मोहल्ल्यात उभं राहून देता येतं. तुझे अब्बा, तुझा चाचा आणि तुझा जिगरी दोस्त हे तिघेही एकमेकांना ओळखतात. ओळखणारच, तिघेही तुझ्या घरी येतात, एकाच जमातीच्या जेवणाला बसतात. तीन माणसांत दोन नाती घट्ट असली की तिसरं आपोआप जुळतं. मग चाचाला जे कळलं ते अब्बांना कळलेलं असतं, आणि तुला दोन्हीकडून तीच बातमी दोनदा ऐकू येते. घट्ट नात्यांचं वर्तुळ फिरत राहतं, पण त्यात बाहेरचं पाणी येत नाही. याउलट डिप्लोमाला दोन वर्षं मागच्या बाकावर बसणारा कुणी पाटील किंवा कांबळे तुझ्या चाचाला ओळखत नाही, त्याच्या चाचाला तू ओळखत नाहीस. म्हणून त्याच्याकडे जी बातमी आहे ती तुझ्या साऱ्या गोतावळ्यात कुणाकडेच नाही. दोन वर्तुळांना जोडणारा पूल जवळजवळ नेहमी सैल ओळखीचाच असतो. तो घट्ट असता तर दोन वर्तुळं एव्हाना एक झाली असती.

आता हे आपल्याला लावून बघा. आपल्या नात्यांमध्ये ताकद नाही असं नाही. ताकद ठरावीक दिशेची आहे. बागवानाचा मुलगा मंडईत उभा राहतो, शिकलगाराचा धार लावायला बसतो, मामा वेल्डर असेल तर भाचा वेल्डिंगच्या दुकानात, चुलतभाऊ दुबईत एसीचं काम करत असेल तर व्हिसा त्याच कामाचा. गॅरेजला पोरगं लागायला अर्ज करावा लागत नाही, एक फोन पुरतो. हे जाळं नसतं तर कित्येक घरांत चूल पेटली नसती, हे मी नाकारत नाही. पण हेच जाळं पोराला दुसरीकडे बघू देत नाही.

आणि हा काही मुसलमानी रोग नाही. अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी मुंबईत दादरच्या शाळांमधून वीस वर्षांत गेलेल्या मुलामुलींचा अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास दादरच्या मराठी जातींचा आहे, आपल्या जमातींचा नाही. पण आरसा आपलाच वाटतो. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था उघडली आणि इंग्रजी येणाऱ्याला मिळणारा पगार झपाट्यानं वाढला. तरी ज्या जातींची गिरणी, गोदी, कारखान्यांत जुनी साखळी होती त्यांनी मुलांना मराठी शाळेतच ठेवलं, कारण त्या साखळीतल्या नोकरीला इंग्रजी लागत नव्हतं, आणि बाप-काका नोकरीला लावणार होतेच. मुलींना मात्र या साखळीत कधी जागाच नव्हती. म्हणून त्याच घरातल्या मुली भावांच्या पुढे इंग्रजी शाळेत गेल्या. ज्यांना जाळ्यानं धरलं नव्हतं त्या नव्या काळाला आधी पोचल्या. भावाला आधार म्हणून दिलेली दोरीच त्याच्या पायात अडकली.

इथं आपल्यातला कुणीतरी उठून विचारेल, आणि त्यानं विचारायलाच हवं: म्हणजे दोष आमचाच? दार आम्ही लावलं का?

नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात ठेवला. 2007 मध्ये निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याच्या संधीचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होतं, मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. दिल्ली परिसरातल्या सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांवर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात मुसलमान नावाविरुद्ध असा भेद सापडला नाही, हेही सांगायला हवं. सगळ्या क्षेत्रांत दार सारखंच बंद नाही. पण पहिला निष्कर्ष नीट वाचा. तो जाहिरातीला केलेल्या अर्जाचा आहे. जी जागा जाहिरातीत आलीच नाही, ‘आपल्या ओळखीत कुणी आहे का’ म्हणून भरली गेली, तिथे नाव बघून नाकारायचीही गरज पडत नाही. नाव तिथपर्यंत पोचतच नाही.

कंपन्यांना ही पद्धत स्वस्त पडते. हाताखालच्या माणसाला विचारलं, त्यानं मेव्हणा आणला, काम झालं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीत कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘आम्ही फक्त गुणवत्ता बघतो’ असं सांगणारे अधिकारी पुढच्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ कशी विचारतो तेही सांगत होते. ज्या कार्यालयात आज एकही मुसलमान नाही तिथे उद्याही नसेल, यासाठी कुणी द्वेष करायची आवश्यकता नाही. शिफारशीनं भरती चालू ठेवली की पुरे. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीतल्या समान संधीची हमी देतं, खासगी कंपनीच्या शिफारशीला ते लागू होत नाही. सच्चर समितीनं 2006 मध्ये समान संधी आयोग सुचवला होता. तो आजही झालेला नाही. आपण मात्र मागणी करतो ती आरक्षणाच्या टक्क्यांची, आणि शंभर माणसांहून मोठ्या कंपनीनं प्रत्येक जागा जाहीर केलीच पाहिजे अशी साधी मागणी एकाही मोर्चाच्या निवेदनात मी पाहिलेली नाही.

आता आपल्या पुढाऱ्यांना जे आवडणार नाही ते बोलतो. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबं मिश्र चाळी सोडून मुंब्र्याकडे गेली. जीव वाचवायला गेली, त्याबद्दल त्यांना बोल लावायचा अधिकार कुणाला नाही. पण काय गेलं आणि काय राहिलं ते बघा. आई-बाप, भावंडं, साडू, सासुरवाडी सगळे सोबत आले. घट्ट नाती सामानाच्या टेंपोत बसून आली. मागे राहिला तो जिन्यात भेटणारा शेजारी, जो बँकेत कारकून होता आणि ‘काय रे, परीक्षा कधी?’ एवढंच विचारायचा. राहिला नळावरच्या बाईचा टेलिफोन खात्यातला मुलगा. राहिला गणपतीच्या वर्गणीला येणारा मंडळाचा सेक्रेटरी. यातलं कुणीच आपलं जिवलग नव्हतं, म्हणून त्यांच्या जाण्याचा मातम कुणी केला नाही. दंगलीनं माणसं मारली, घरं जाळली, याचा हिशोब आयोगासमोर मांडता आला. सैल ओळखी मेल्या, त्याचा पंचनामा झाला नाही.

आणि मग काही वर्षांनी आपल्या पुढाऱ्यांनी या नुकसानालाच गुण म्हणून विकायला घेतलं. आपली शाळा, आपला दवाखाना, आपली पतसंस्था, आपला जॉब ग्रुप. दोनशे छप्पन्न लोकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, आणि त्यात एकच जाहिरात अकरा वेळा फॉरवर्ड होऊन येते. का? कारण दोनशे छप्पन्न माणसं एकमेकांना ओळखतात. ग्रुप मोठा आहे, वर्तुळ लहान आहे. हे ओळखायची खूण हीच: तुमच्या ग्रुपवर आलेली बातमी तुम्हाला किती वेळा आधीच माहीत होती? जवळजवळ नेहमी, असं उत्तर असेल तर त्या ग्रुपमध्ये पूल एकही नाही.

ग्रॅनोव्हेटरनं त्याच निबंधात बोस्टनच्या वेस्ट एंड भागाचं उदाहरण घेतलं आहे. तिथं कष्टकरी इटालियन लोकांची वस्ती होती, नाती इतकी घट्ट की हर्बर्ट गान्स या संशोधकानं त्यांच्यावर पुस्तक लिहिताना त्यांना शहरातले खेडूत म्हटलं. नगरपालिकेनं पुनर्विकासाच्या नावाखाली ती वस्ती पाडायची ठरवली, आणि इतकं धरून असलेल्या लोकांना एक धड संघटना उभी करता आली नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस वस्ती पाडली गेली. ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं असं की माणसं आपापल्या टोळक्यात घट्ट होती, पण टोळक्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या सैल ओळखी नव्हत्या. त्यामुळे पुढे येणाऱ्या माणसावर भरवसा ठेवायला कुणाकडे कारण नव्हतं. ज्यांना वाटतं की एकी म्हणजे जवळीक, त्यांनी हे दोनदा वाचावं.

आता काम कसं चालतं ते एका मुलावर दाखवतो. माझ्या ओळखीतला मिरजेचा मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमा, आठ महिने घरी. रोज पोर्टलवर अर्ज टाकायचा, आणि संध्याकाळी गॅरेजवर बसायचा. मी त्याला वही दिली आणि फोनमधल्या ज्या माणसांशी कधीतरी बोलणं झालंय अशांची नावं लिहायला सांगितली. 63 झाली. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हा माणूस तुझ्या चार जवळच्या दोस्तांपैकी किती जणांना ओळखतो? तिघांना किंवा चौघांना ओळखत असेल तर खोड. 63 मधली 52 खोडली गेली. उरलेल्या अकरांतही चार जण आता त्या क्षेत्रात नव्हते. हातात राहिली सात नावं. वर्कशॉपचे एक सर. अॅप्रेंटिसशिपच्या वेळचा एक सुपरवायझर. कुपवाड एमआयडीसीत लागलेला क्रिकेटच्या टीममधला एक. आणि चार वर्गमित्र, त्यातला एक चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात.

मग त्यानं मेसेज लिहिला: ‘नोकरी असेल तर बघ ना भावा.’ मी तो पुसायला लावला. सैल ओळखीच्या माणसाकडे असा उपकार मागितला की तो संकोचतो; त्याला तुझी जबाबदारी घ्यायची नसते, आणि त्यात गैर काही नाही. त्याच्याकडून मागायची ती माहिती, जी द्यायला त्याला काहीच खर्च येत नाही. मेसेज झाला तो असा: ‘नमस्कार, मी डिप्लोमाला तुमच्या बॅचला होतो. क्वालिटी इन्स्पेक्शनचं काम शोधतोय, व्हर्निअर, मायक्रोमीटर, सीएमएमचं बेसिक येतं. तुमच्याकडे या कामाला माणसं कंपनी थेट घेते की कॉन्ट्रॅक्टरमार्फत? आणि भरती कोणत्या महिन्यात होते?’ सातपैकी तिघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी शुभेच्छा दिल्या. सरांनी एक नंबर दिला, तो लागला नाही. चाकणच्या मुलानं, ज्याच्याशी चौदा महिने बोलणं नव्हतं, लिहिलं की थेट घेत नाहीत, कॉन्ट्रॅक्टर घेतो, त्याचं ऑफिस अमुक ठिकाणी, आणि पुढच्या सोमवारी बारा जणांची तुकडी जाणार आहे. ही जाहिरात कुठल्याच पोर्टलवर नव्हती. मुलगा रविवारी रात्रीच्या एसटीनं गेला. आज तिथं आहे, कंत्राटीच, पगार बेताचा. मी हे यशोगाथा म्हणून सांगत नाही. एका बातमीचा प्रवास म्हणून सांगतो.

याला मर्यादा आहेत, आणि त्या लपवल्या तर हाही एक जॉब मेळावाच होईल. पहिली: सैल म्हणजे अगदी अनोळखी नव्हे. 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम सैल ओळखी, ज्यांच्याशी साधारण दहा सामाईक ओळखी आहेत अशा. त्याहून सैल झाल्या की उपयोग पुन्हा कमी होतो. म्हणजे लिंक्डइनवर पाचशे अनोळखी अधिकारी जोडून ठेवणं हा वेळेचा नाश आहे.

दुसरी मर्यादा: बातमी वेगळी आणि वजन वेगळं. यानजिये बियान यांनी चीनच्या तिआनजिन शहरात दाखवलं की जिथं नोकऱ्या अधिकारी वाटतात तिथं घट्ट नातीच चालतात, कारण तिथं मागायची असते ती माहिती नव्हे, जोखमीची मेहरबानी. आपल्याकडेही संस्थेच्या शाळेत जागा भरताना काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा दारावर सैल ओळख घेऊन गेलात तर हसं होईल. तिथं उपाय ओळखीचा नाही, पारदर्शक भरतीच्या लढ्याचा आहे.

तिसरी गोष्ट मर्यादा नाही, आपली करणी आहे. न्यूटनच्या अभ्यासात सगळे पुरुष होते, हे मी वर लिहिलं आणि कुणाला खटकलं नसेल. माझ्या भाचीला मी तीच वही दिली. नावं झाली 38, आणि जवळजवळ सगळी नात्यातली किंवा शेजारची. कॉलेजातल्या मुलांचे नंबर नाहीत, ‘बरं दिसत नाही’ म्हणून. एनएसएसच्या कॅम्पला पाठवलं नाही. बारावीपर्यंतच्या मैत्रिणींतल्या पाच जणींची लग्नं झाली, तीन जणींचे नंबर सासरी गेल्यावर बदलले, नवे कुणाकडेच नाहीत. मुलाच्या सैल ओळखी आळसानं सुटतात. मुलीच्या आपण एकेक करून कापतो, आणि मग म्हणतो तिला बाहेरचं काही कळत नाही. दादरच्या मुली पुढे गेल्या त्या जाळ्याबाहेर होत्या म्हणून. आपण आपल्या मुलींना जाळ्याचा फायदा देत नाही आणि जाळ्याबाहेरही सोडत नाही.

तिनं ते वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं: ‘मुस्लिम समाजात घट्ट नाती भरपूर आहेत आणि सैल ओळखी कमी, त्या कमी कशामुळे झाल्या याची कारणं घरातही आहेत आणि बाहेरही.’ मग मला म्हणाली, “मामू, एनएसएसचा कॅम्प पुढच्या महिन्यात आहे. अम्मीशी तुम्ही बोला.” बोलतो म्हणालो. तिच्या अम्मीनं अजून होकार दिलेला नाही.